झेडचं कोष्टक आणि ५,७३८ शिपायांच्या छातीचा घेर

एडिनबरोच्या एका वैद्यकीय नियतकालिकात १८१७ साली स्कॉटलंडच्या स्थानिक फौजेतल्या हजारो शिपायांची मापं छापून आली. कुणाची उंची किती आणि छातीचा घेर किती, एवढीच ती माहिती होती. पुढे जवळपास तीस वर्षांनी, १८४६ मध्ये, बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ अदोल्फ केतले यांनी ही मापं आपल्या संभाव्यतेवरच्या पुस्तकात घेतली. आकाशातल्या ग्रहताऱ्यांच्या निरीक्षणांत ज्या चुका होतात, त्या एका ठराविक घंटाकार वक्रात बसतात हे तेव्हा माहीत होतं. माणसांच्या शरीराची मापंही त्याच वक्रात बसतात, हे केतले यांना दाखवायचं होतं. हाच तो वक्र, ज्याला आज प्रसामान्य वितरण किंवा सरळ नॉर्मल वितरण म्हणतात.

केतले यांनी मांडलेले आकडे असे आहेत:

| घेर, इंच | शिपाई | घेर, इंच | शिपाई |
|---|---|---|---|
| ३३ | ३ | ४१ | ९३४ |
| ३४ | १८ | ४२ | ६५८ |
| ३५ | ८१ | ४३ | ३७० |
| ३६ | १८५ | ४४ | ९२ |
| ३७ | ४२० | ४५ | ५० |
| ३८ | ७४९ | ४६ | २१ |
| ३९ | १,०७३ | ४७ | ४ |
| ४० | १,०७९ | ४८ | १ |

एकूण ५,७३८ शिपाई. सरासरी घेर ३९.८३ इंच आणि प्रमाण विचलन २.०५ इंच. मधल्या ३९-४० इंचांपाशी सगळ्यांत जास्त गर्दी आहे आणि दोन्ही कडांना ती ओसरत जाते.

संख्याशास्त्राच्या पहिल्या सत्रात झेड-स्कोअरची सरावपत्रिका हातात पडते, तेव्हा तिच्यातले प्रश्न साधारण पाच प्रकारचे असतात. एखाद्या मापाचा झेड काढा. त्यापेक्षा कमी किती जण ते सांगा. त्यापेक्षा जास्त किती. दोन मापांच्या मध्ये किती. आणि शेवटी उलटा प्रश्न, म्हणजे टक्केवारी दिली आहे, माप शोधा. हेच पाच प्रश्न या शिपायांवर सोडवले तर एक सोय होते. उत्तर बरोबर आलं की नाही हे कळायला उत्तरसूचीची वाट पाहावी लागत नाही, वरच्या तक्त्यातली डोकी मोजली की झालं.

पहिला प्रश्न: झेड काढणं

४२ इंच घेराच्या आणि ३६ इंच घेराच्या शिपायांचे झेड-स्कोअर काढायचे आहेत. सूत्र एका ओळीचं आहे:

z = (x − μ) / σ

x म्हणजे त्या शिपायाचं माप, μ म्हणजे सरासरी आणि σ म्हणजे प्रमाण विचलन. प्रमाण विचलन हे एक पाऊल मानलं, तर हा शिपाई सरासरीपासून किती पावलं दूर उभा आहे, हे झेड सांगतो. अधिकचं चिन्ह आलं तर तो सरासरीच्या उजवीकडे, उणे आलं तर डावीकडे.

४२ साठी: (४२ − ३९.८३) ÷ २.०५ = २.१७ ÷ २.०५ = १.०६
३६ साठी: (३६ − ३९.८३) ÷ २.०५ = −३.८३ ÷ २.०५ = −१.८७

म्हणजे पहिला शिपाई सरासरीच्या एक पाऊल आणि थोडा पुढे, दुसरा जवळजवळ दोन पावलं मागे. इंच हे एकक भागाकारात उडून गेलं, त्यामुळे झेडला एकक नसतं. उत्तरात ‘१.०६ इंच’ असं लिहिलं की गुण जातो, आणि तो जायलाच हवा.

इथली नेहमीची चूक कॅल्क्युलेटरवर होते. कंस न घालता ४२ − ३९.८३ ÷ २.०५ असं सलग दाबलं की पुष्कळशी कॅल्क्युलेटरं आधी भागाकार करतात आणि पडद्यावर २२.५७ दिसतं. हा आकडा पाहताक्षणी संशय यायला हवा. ५,७३८ जणांत सगळ्यांत रुंद छातीचा जो एकच शिपाई आहे, ४८ इंचांचा, त्याचाही झेड ३.९९ आहे. सगळ्यांत अरुंद छातीच्या तिघांचा झेड −३.३३ आहे. सरावपत्रिकेत तीन-साडेतीनच्या पुढचा झेड आला, तर बहुधा कंस विसरलेला असतो किंवा सरासरी आणि विचलन यांची अदलाबदल झालेली असते.

कोष्टकात असतं तरी काय

झेड हातात आल्यावर विद्यार्थी कोष्टक उघडतो. कोष्टकात दिसणारा प्रत्येक आकडा हे वक्राखालचं क्षेत्रफळ असतं. संपूर्ण वक्राखालचं क्षेत्रफळ १ मानलेलं आहे, म्हणून त्याचा एखादा तुकडा ०.९०३२ असेल तर ९०.३२ टक्के माणसं त्या तुकड्यात आहेत, असा त्याचा अर्थ होतो. हे क्षेत्रफळ साध्या बीजगणिताच्या सूत्रात मांडता येत नाही, ते आकडेमोड करूनच काढावं लागतं. म्हणून कोष्टकं करावी लागली. क्रिस्तियान क्रांप यांनी १७९९ मध्ये वातावरणात प्रकाशकिरण कसे वळतात या विषयावरच्या पुस्तकात असं एक कोष्टक छापलं होतं. पुढे १९०३ मध्ये विल्यम शेपर्ड यांनी ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात नवी, काटेकोर कोष्टकं प्रसिद्ध केली. प्रत्येक सरासरीसाठी आणि प्रत्येक विचलनासाठी वेगळं कोष्टक करणं अशक्यच होतं. कुठलंही माप झेडमध्ये बदललं की सगळ्यांना एकच कोष्टक चालतं.

पण ‘एकच कोष्टक’ म्हणताना एक खोच आहे. तुकडा कुठून कुठपर्यंतचा धरायचा, हे प्रत्येक पुस्तक आपल्या सोयीनं ठरवतं. काही पुस्तकांत डावीकडच्या टोकापासून झेडपर्यंतचं सगळं क्षेत्रफळ दिलेलं असतं. आपल्याकडच्या अनेक जुन्या क्रमिक पुस्तकांत ते मधोमध, म्हणजे शून्यापासून झेडपर्यंत दिलेलं असतं. काही ठिकाणी फक्त झेडच्या उजवीकडची शेपटी दिलेली असते. तिन्ही कोष्टकं बरोबरच असतात, आणि तरी एकाच झेडसमोर तिन्हींत वेगवेगळे आकडे छापलेले असतात. दोन मित्रांची उत्तरं जुळत नाहीत, तेव्हा पुष्कळदा गणित दोघांचंही बरोबर असतं आणि पुस्तकं वेगळी असतात.

आपल्या हातातलं कोष्टक कोणतं, हे ओळखायला झेड १.०० ची चौकट पाहावी. तिथे ०.८४१३ असेल तर क्षेत्रफळ डावीकडच्या टोकापासून मोजलेलं आहे. ०.३४१३ असेल तर ते मधल्या शून्यापासून मोजलेलं आहे. ०.१५८७ असेल तर ती उजवी शेपटी आहे. पानाच्या वर बहुतेक वेळा छोटी आकृती असते आणि तिच्यात तो भाग रेघा मारून दाखवलेला असतो. ती आकृती न पाहता थेट आकड्यांवर गेलं की पुढचं सगळं चुकतं.

या लेखात पुढे पहिल्या प्रकारचं, डावीकडून मोजणारं कोष्टक धरलं आहे.

आता चौकट शोधणं. झेड दोन तुकड्यांत वाचायचा असतो. डाव्या कडेच्या रकान्यात पूर्णांक आणि दशांशानंतरचा पहिला अंक, वरच्या ओळीत दशांशानंतरचा दुसरा अंक. १.७९ हवा असेल तर डावीकडे १.७ ची ओळ धरायची, वर ०.०९ चा रकाना धरायचा, आणि दोन्ही जिथे मिळतात तिथे ०.९६३३ मिळतं. १.०६ साठी ओळ १.० ची आणि रकाना ०.०६ चा, उत्तर ०.८५५४. घाईत १.०६ चं १.६ होतं आणि १.६ च्या ओळीतला पहिला आकडा, ०.९४५२, उचलला जातो. मधलं शून्य गिळलं गेल्यानं शेकडा नऊ माणसं जास्त मोजली जातात.

झेड उणे असेल तर आणखी सांभाळावं लागतं. −१.१ च्या ओळीत ०.०४ चा रकाना म्हणजे −१.१४, −१.०६ नव्हे. उण्याच्या बाजूला रकाने उजवीकडे सरकत जातात तसं क्षेत्रफळ कमी होत जातं, कारण आपण वक्रावर आणखी डावीकडे चाललेलो असतो. पुस्तकात उण्याचं पानच नसेल तरी अडत नाही. वक्र दोन्ही बाजूंना सारखा आहे, म्हणून −१.१४ च्या डावीकडचं क्षेत्रफळ हे १.१४ च्या उजवीकडच्या क्षेत्रफळाएवढंच असतं: १ − ०.८७२९ = ०.१२७१.

दुसरा प्रश्न: यापेक्षा कमी किती

छातीचा घेर ४२ इंच किंवा त्याहून कमी असलेले शिपाई किती टक्के?

४२ चा झेड वर काढलेलाच आहे, १.०६. कोष्टक म्हणतं ०.८५५४, म्हणजे साडेपंचाऐंशी टक्के. आता तक्त्यातली डोकी मोजू. ३३ पासून ४२ पर्यंतची बेरीज ५,२०० होते. ५,२०० भागिले ५,७३८ म्हणजे ९०.६ टक्के. पाच टक्क्यांची तफावत पडली, म्हणजे जवळजवळ तीनशे शिपाई कमी मोजले गेले.

कोष्टक बरोबर आहे, झेडही बरोबर आहे. चूक मापाच्या अर्थात आहे. शिपायांचे घेर पूर्ण इंचांत नोंदलेले आहेत, आणि ४२ अशी नोंद म्हणजे साडेएकेचाळीस ते साडेबेचाळीस यांच्या दरम्यानचा कुठलाही घेर, असं धरायची पद्धत आहे. वक्र मात्र सलग आहे, त्याला पूर्ण इंच माहीत नाहीत. आपण त्याला ४२ वर कापलं, तेव्हा ४२ अशी नोंद असलेल्या ६५८ जणांपैकी जवळजवळ निम्म्यांना बाहेर ठेवलं. त्यामुळे कापायची जागा ४२.५ ही हवी:

(४२.५ − ३९.८३) ÷ २.०५ = २.६७ ÷ २.०५ = १.३०

१.३ ची ओळ, ०.०० चा रकाना: ०.९०३२. म्हणजे ९०.३ टक्के. प्रत्यक्षात ९०.६ टक्के. इतकी जवळीक पाहून केतले यांना काय दिसलं असेल, हे कळतं.

मोजमाप पूर्ण आकड्यांत असेल, जसे परीक्षेचे गुण, घरातली माणसं, पूर्ण इंचांतले घेर, तेव्हा हा अर्ध्या एककाचा फरक धरावा लागतो. सुरुवातीच्या सरावपत्रिकांत तो बहुधा सोडून दिलेला असतो आणि उत्तरसूचीही तो धरत नाही. तिथे प्रश्नात सांगितलेलं माप तसंच वापरायचं. पण खऱ्या आकड्यांशी ताडून पाहायचं असेल, तर हे अर्धं एकक विसरून चालत नाही.

तिसरा प्रश्न: यापेक्षा जास्त किती

४४ इंच किंवा त्याहून जास्त घेराचे शिपाई किती?

४४ ची नोंद ४३.५ पासून सुरू होते. (४३.५ − ३९.८३) ÷ २.०५ = ३.६७ ÷ २.०५ = १.७९. कोष्टकात ०.९६३३. इथेच अनेकजण थांबतात आणि ९६.३३ टक्के असं उत्तर लिहून मोकळे होतात. कोष्टकानं डावीकडचा भाग दिला आहे आणि प्रश्न उजवीकडचा विचारतो आहे. १ मधून वजा केल्यावर ०.०३६७ येतं, म्हणजे ३.६७ टक्के.

ही चूक ओळखायला आकडेमोडीचीही गरज नसते. ४४ इंच हे सरासरीपासून बरंच पुढचं माप आहे, तिथून पुढे शेकडा शहाण्णव शिपाई असणं शक्यच नाही. कोष्टक उघडण्याआधी कागदावर घंटेचा आकार काढावा, मधोमध ३९.८३ लिहावं, ४३.५ ची उभी रेघ मारावी आणि विचारलेला भाग पेन्सिलीनं रंगवावा. रंगवलेला तुकडा लहान दिसत असेल तर उत्तर ०.५ पेक्षा कमी यायला हवं.

आता तक्ता पाहू. ९२, ५०, २१, ४ आणि १ मिळून १६८ शिपाई होतात, म्हणजे २.९३ टक्के. वक्राच्या हिशोबानं ३.६७ टक्के, म्हणजे सुमारे २११ हवे होते. मधल्या भागात अगदी जवळ आलेला वक्र शेपटीपाशी चाळीसेक शिपायांनी चुकला. तक्त्यात त्याचं कारण नजरेला पडतं: ४३ इंचांवर ३७० जण आहेत आणि ४४ वर एकदम ९२. वक्र एवढा झपकन उतरत नाही. मूळच्या वेगवेगळ्या पलटणींचे आकडे एकत्र करताना केतले यांच्याकडून मोजणीच्या चुका झाल्या होत्या, हेही नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलं. प्रसामान्य वितरण खऱ्या माणसांवर बसवताना अशी फट बहुतेक वेळा टोकांपाशीच आधी उघडी पडते, कारण तिथे माणसं थोडी असतात आणि थोडाही फरक मोठा दिसतो.

चौथा प्रश्न: दोघांच्या मध्ये किती

३८ ते ४१ इंच घेराचे शिपाई किती?

हद्दी ३७.५ आणि ४१.५.

(३७.५ − ३९.८३) ÷ २.०५ = −१.१४
(४१.५ − ३९.८३) ÷ २.०५ = ०.८१

०.८१ च्या डावीकडे ०.७९१०. −१.१४ च्या डावीकडे ०.१२७१. मोठ्यातून लहान वजा केलं की मधला पट्टा उरतो: ०.६६३९, म्हणजे ६६.४ टक्के. तक्त्यात ७४९, १,०७३, १,०७९ आणि ९३४ मिळून ३,८३५ होतात, म्हणजे ६६.८ टक्के.

ज्यांच्याकडे शून्यापासून मोजणारं कोष्टक आहे, त्यांना ०.८१ समोर ०.२९१० आणि १.१४ समोर ०.३७२९ दिसेल. त्यांनी बेरीज करायची, कारण एक हद्द मधल्या रेषेच्या उजवीकडे आहे आणि दुसरी डावीकडे. बेरीज तीच येते, ०.६६३९. दोन्ही हद्दी एकाच बाजूला असत्या तर वजाबाकी करावी लागली असती. वर्गात ‘मध्ये असेल तर वजा करायचं’ हा नियम पाठ होतो आणि तो या कोष्टकावर लावला की ०.०८१९ येतं. मधल्या गर्दीच्या भागात फक्त आठ टक्के शिपाई आहेत, असं ते उत्तर सांगतं.

आणखी एक चूक वरवर निरुपद्रवी दिसते. झेडचीच आधी वजाबाकी करायची: ०.८१ − (−१.१४) = १.९५, आणि मग १.९५ कोष्टकात पाहायचं. तिथे ०.९७४४ मिळतं. झेडमधलं अंतर आणि त्यावरचं क्षेत्रफळ ही वेगळी गोष्ट आहे. वक्र मध्यभागी उंच आहे आणि कडांना सपाट, त्यामुळे तेवढ्याच रुंदीच्या पट्ट्यात मध्यभागी पुष्कळ माणसं मावतात आणि कडेला मोजकीच. म्हणून आधी दोन्ही क्षेत्रफळं पाहायची, वजाबाकी नंतर.

पाचवा प्रश्न: टक्केवारीवरून माप

समजा फौजेचा शिंपी विचारतो आहे: सगळ्यांत रुंद छातीच्या पाच टक्के शिपायांसाठी गणवेश वेगळे शिवायचे आहेत, तर कितव्या इंचापासून पुढे?

इथे कोष्टक उलट्या दिशेनं वाचायचं असतं, म्हणजे आतल्या आकड्यांकडून कडेकडे. वरचे ५ टक्के उजवीकडे राहिले पाहिजेत, म्हणून डावीकडे ०.९५०० हवेत. हा आकडा कोष्टकाच्या पोटात शोधायचा. १.६ च्या ओळीत ०.०४ खाली ०.९४९५ आहे आणि ०.०५ खाली ०.९५०५. हवा असलेला आकडा दोघांच्या बरोबर मध्ये पडतो, म्हणून झेड १.६४५ घेतात. मग सूत्र फिरवायचं:

x = μ + z × σ = ३९.८३ + १.६४५ × २.०५ = ४३.२०

म्हणजे ४३.२ इंचांच्या पुढचे शिपाई. खऱ्या डोक्यांवर हे असं तपासता येतं: ५,७३८ चे ९५ टक्के म्हणजे ५,४५१. साडेबेचाळीसपर्यंत ५,२०० जण झाले, उरलेले २५१ जण ४३ इंचांच्या ३७० जणांमधून घ्यायचे. ते ३७० जण त्या एका इंचात सारखे पसरलेले आहेत असं धरलं, तर हद्द ४३.१८ इंचांवर येते. वक्राचं उत्तर ४३.२० होतं.

या प्रश्नात सगळ्यांत जास्त दिसणारी चूक म्हणजे ०.९५ हाच झेड समजून कडेला शोधणं. ०.९ च्या ओळीत ०.०५ खाली ०.८२८९ मिळतं, तोच झेड म्हणून सूत्रात घातला की उत्तर ४१.५३ इंच येतं. पण ४१ इंच आणि त्याखालचे शिपाई ४,५४२ आहेत, फक्त ७९ टक्के. शिंप्यानं या आकड्यावर विश्वास ठेवला असता तर त्याला वेगळे गणवेश पाच टक्क्यांऐवजी वीस टक्के शिपायांचे शिवावे लागले असते. प्रश्नात ‘किती टक्के’ विचारलं असेल तर कडेकडून पोटाकडे जायचं, आणि ‘किती इंच’ विचारलं असेल तर पोटाकडून कडेकडे.

संगणकाचं उत्तर थोडं वेगळं का येतं

एक्सेलमध्ये दुसरा प्रश्न दोन प्रकारे सोडवता येतो:

```
=NORM.S.DIST(1.3,TRUE)
=NORM.DIST(42.5,39.83,2.05,TRUE)
```

पहिली ओळ ०.९०३२ देते, दुसरी ०.९०३६. दोन्ही एकाच गणिताची उत्तरं आहेत. दुसऱ्या ओळीत झेड १.३०२४ असा पूर्ण धरला जातो, तर कोष्टकात बसवण्यासाठी आपण तो १.३० असा कापला होता. चौथ्या अंकातला एवढा फरक शिक्षक चूक धरत नाहीत. फरक दुसऱ्या किंवा पहिल्याच अंकात पडला, तर मात्र कोष्टकाचा प्रकार किंवा बाजू चुकलेली असते. ही दोन्ही सूत्रं डावीकडून मोजतात, त्यामुळे उजवी शेपटी हवी असेल तर इथेही १ मधून वजा करावंच लागतं. शेवटचा शब्द TRUE ऐवजी FALSE लिहिला गेला तर क्षेत्रफळाऐवजी त्या जागी वक्राची उंची मिळते. ती संभाव्यता नसते.

वक्रच नसेल तर

झेड कुठल्याही आकड्यांचा काढता येतो, आणि त्यातूनच सगळ्यांत मोठा गैरसमज होतो. झेड काढल्यानं आकडे प्रसामान्य होत नाहीत. गावातल्या उत्पन्नांची यादी घेतली तर बहुतेकांचं उत्पन्न थोडं आणि मोजक्यांचं फार मोठं असतं, वक्र उजवीकडे लांबलचक ओढला जातो. प्रत्येकाचा झेड काढला तरी ती शेपटी तशीच राहते. मग १.६४५ च्या पुढे पाच टक्केच घरं असतील, असं कोष्टकावरून म्हणता येत नाही. शिपायांच्या घेरावर कोष्टक चाललं, कारण त्यांचे आकडे मुळातच घंटेच्या आकारात होते.

हा मुद्दा महाराष्ट्रातल्या प्रत्येक अंगणवाडीपर्यंत पोहोचलेला आहे. पाच वर्षांखालच्या मुलाचं वजन त्याच्या उंचीच्या मानानं किती, हे झेडमध्येच मोजतात. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची २००६ ची मानकं वापरतात. भारतासह सहा देशांतल्या, चांगलं पोषण मिळणाऱ्या मुलांच्या मोजमापांवरून ती तयार झाली. झेड −२ च्या खाली गेला की मूल मॅम, म्हणजे मध्यम कुपोषित, आणि −३ च्या खाली गेला की सॅम, म्हणजे तीव्र कुपोषित. मुलांच्या वजनाचा वक्र मात्र दोन्ही बाजूंना सारखा नसतो, तो जास्त वजनाच्या बाजूला ओढलेला असतो. म्हणून संघटनेनं साधं वजाबाकी-भागाकाराचं सूत्र वापरलेलं नाही. प्रत्येक उंचीसाठी तीन आकडे दिले आहेत: एक मध्याचा, एक पसरटपणाचा आणि एक हा झुकाव सरळ करणारा. त्या तिघांतून जो झेड निघतो, तोच प्रसामान्य कोष्टकावर ठेवता येतो.

आणि तो तिथे ठेवला की आकडे बोलू लागतात. कोष्टकात −२.० च्या ओळीत पहिल्या रकान्यात ०.०२२८ आहे. म्हणजे चांगलं खायला-प्यायला मिळणाऱ्या मुलांतही शेकडा दोन-सव्वादोन मुलं या रेषेखाली असतातच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात हे प्रमाण २५.६ टक्के आलं. −३ च्या खाली कोष्टकानुसार ०.१३ टक्के मुलं अपेक्षित आहेत. सर्वेक्षणात ती १०.९ टक्के आढळली.